टायर बदलणं बंद करायचं का? (चर्चा धागा)

तपोवनकर

काल फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा तेच. चाळीस लॅप एक जण पुढे, जीव तोडून गाडी हाकतोय, आणि शेवटी टायर बदलायला पिटमध्ये कधी यायचं हा कुणाचा तरी हिशेब बरोबर निघाला म्हणून दुसराच जिंकला. ही शर्यत आहे की गणिताचा पेपर? टायर बदलणं बंद करा. एकच सेट द्या, ज्याचा हात चांगला तो जिंकेल. पिट स्टॉपमुळे शर्यत चांगली झाली असं एक तरी उदाहरण कुणाकडे असेल तर द्या.

जेलरोडकर

देते, आणि सविस्तर देते. हे दर रविवारी कुणी ना कुणी म्हणतं आणि पुढे बोलणं होतच नाही.

हंगेरी, २०१९. सत्तर लॅपची शर्यत. मॅक्स वर्स्टॅपनची कारकिर्दीतली पहिली पोल, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुरुवात, आणि शर्यतीत त्याच्या मागे हॅमिल्टन. बाकी सगळे इतके मागे की शर्यत दोघांचीच उरली. वर्स्टॅपन पंचविसाव्या लॅपला आत आला, हार्ड टायर लावले. हॅमिल्टन एकतिसाव्याला आला, त्यानंही हार्डच लावले. म्हणजे त्याचे टायर सहा लॅप ताजे होते. त्या जोरावर तो भराभर मॅक्सच्या शेपटीला येऊन चिकटला. एकोणचाळिसाव्या लॅपला चौथ्या वळणावर बाहेरच्या बाजूनं घुसायला गेला आणि ट्रॅक सोडून बाहेर गेला. पुढे जाता आलंच नाही.

आता तपोवनकर, तुमचा नियम इथे लावा. दोघांकडे एकच सेट. मागच्याची गाडी जोरात आहे, हात कुणापेक्षा कमी नाही, आणि तरी तो पुढे जाऊ शकत नाही. कारण पुढच्या गाडीची ढवळलेली हवा अंगावर घेत राहिलं की मागच्या गाडीचा जमिनीवरचा दाब कमी होतो, ती वळणात घसरते, घसरली की टायर तापतात, ब्रेक तापतात. मग दोन-तीन लॅप मागे राहून थंड करायचे आणि पुन्हा जवळ जायचं. तुमच्या नियमात ही मिरवणूक सत्तराव्या लॅपपर्यंत चालली असती.

हॅमिल्टनच्या टीमनं, मर्सिडीजनं, अठ्ठेचाळिसाव्या लॅपला त्याला परत आत बोलावलं. हार्डपेक्षा मऊ असे मीडियम लावले. बाहेर आला तेव्हा वर्स्टॅपन साधारण वीस सेकंद पुढे आणि लॅप उरलेल्या बावीस. दर लॅपला एक सेकंद कापायचा. हॅमिल्टनला स्वतःलाच हे जमेल असं सुरुवातीला वाटत नव्हतं.

आणि वर्स्टॅपनची टीम रेड बुल काय करू शकत होती? वर्स्टॅपनला पुढच्याच लॅपला बोलावलं असतं तर नव्या टायरवर एक लॅप मारून हॅमिल्टन तोवर पुढे निघून गेला असता, कारण दोघांत अंतर जेमतेम होतं. म्हणजे लीड हातानं देऊन टाकायची, नाहीतर म्हाताऱ्या हार्डवर शेवटपर्यंत तग धरायचा. त्यांनी तग धरला. शेवटी मॅक्सनं रेडिओवर सांगितलं की टायर संपले. सदुसष्टाव्या लॅपला सरळ रस्त्यावर हॅमिल्टन पुढे गेला. तीन लॅप बाकी असताना.

वीस लॅप मी खुर्चीच्या काठावर बसून पाहिल्या. त्या दिवशी दोघांचाही हात चांगलाच होता, आणि तो दिसला तो त्या दुसऱ्या स्टॉपमुळे.

तपोवनकर

मर्सिडीजची गाडी जोरात होती म्हणून जिंकली. टायर नवे मिळाल्यावर कुणीही जाईल पुढे, त्यात कौतुक काय? मॅक्सनं सदुसष्ट लॅप शर्यत बांधली आणि पिटच्या भिंतीवर बसून डाव आखणाऱ्या माणसानं ती काढून घेतली. हेच तर म्हणतोय मी.

जेलरोडकर

काढून घेता आली, कारण वीस सेकंद खर्च करायला मर्सिडीजकडे जागा होती. मागे फेरारी इतकी लांब होती की हॅमिल्टन आत जाऊन आला तरी दुसराच राहिला. शर्यत संपली तेव्हा तिसरा वेटेल मिनिटभर मागे होता. आणि मॅक्सचा जोडीदार गॅस्ली कुठे होता? सहावा, एक लॅप मागे. तो दहा-पंधरा सेकंदांवर असता तर हॅमिल्टन पिटमधून थेट त्याच्या मागे आला असता, नवे टायर त्याच्यामागे घासून गेले असते आणि मर्सिडीजनं बोलावलंच नसतं. मॅक्स त्या दिवशी एकटाच लढत होता. हॅमिल्टनचा जोडीदार बोटासनं पहिल्याच लॅपला पुढची विंग मोडून घेतली, तरी दुसऱ्या बाजूच्या गणितात गॅस्लीचं नसणं जास्त महागात पडलं. भिंतीवरच्या माणसाला शिव्या देण्याआधी हे बघा.

कॉलेजरोड_११

ताई, तुम्ही उगाच अवघड केस घेतली. साधी गोष्ट आहे, जो आधी पिटला जातो तो जिंकतो. नवा टायर म्हणजे एका लॅपला दोन-अडीच सेकंद मोफत. फ्रान्स २०२१ बघा. हॅमिल्टन पुढे, तीनेक सेकंदांचं अंतर. वर्स्टॅपन अठराव्या लॅपला आत, हॅमिल्टन एकोणिसाव्याला. हॅमिल्टन बाहेर येतो तर मॅक्स शेजारून पुढे! एका लॅपचा खेळ. आणि पिटमध्ये माणसं किती फास्ट आहेत त्यावर सगळं ठरतं. मॅक्लारेननं कतारला २०२३ मध्ये १.८० सेकंदांत चार चाकं बदलली. ज्याचा क्रू फास्ट त्याची रेस.

जेलरोडकर

फ्रान्सचं बरोबर आहे. बाकी नाही.

पिटमध्ये वेळ जातो तो चाकं बदलताना नाही. पिट लेनमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही आणि बाहेर बाकीचे अडीचशे-तीनशेनं चाललेत. वीस सेकंद जातात ते तिथे. हा आकडा प्रत्येक ट्रॅकवर वेगळा, कारण पिट लेनची लांबी वेगळी. दोन सेकंदांऐवजी अडीच सेकंदांत चाकं बदलली तर अर्धा सेकंद गेला. दोघे चिकटून असतील तरच त्यानं जागा जाते, नाहीतर कुणाला कळतही नाही. टीमला पाहिजे असतं ते दर वेळी सव्वादोनच्या आसपास येणं. एकदा १.८० आणि पुढच्या वेळी नट अडकून पाच, हे कुणालाच नको.

आणि आधी जाणारा जिंकतो म्हणतोस, तर २०२१ चंच मोनॅको घे. हॅमिल्टन गॅस्लीच्या मागे अडकलेला. एकोणतिसाव्या लॅपला आधी आत गेला, हार्ड लावले. गॅस्ली नंतर आला आणि तरी पुढेच राहिला. त्याहून वाईट म्हणजे वेटेल आणि पेरेझ आणखी काही लॅप बाहेर थांबून आत आले आणि हॅमिल्टनच्याच काय, गॅस्लीच्याही पुढे निघाले. हॅमिल्टन सातवा आला.

कारण मोनॅकोत लांब, जोराची वळणं नाहीत. हार्ड टायर तिथे तापायला वेळ घेतो आणि तापेपर्यंत पकड देत नाही. वेटेलचे सॉफ्ट जुने होते पण गरम होते, आणि पुढचे आत गेल्यामुळे त्याला रस्ता मोकळा मिळाला. म्हणून नवा टायर पहिल्याच लॅपला जुन्यापेक्षा जोरात आहे का, हे आधी बघायचं. फ्रान्सला होता, मोनॅकोला नव्हता.

कॉलेजरोड_११

ओके, मोनॅको सोडून.

रॅलीवाला_देवळाली

मोनॅको सोडून का? थंडी, डांबर गुळगुळीत, हार्ड टायर, एवढं जुळलं की दुसरीकडेही तेच होतं. ताईंचं बरोबर आहे.

पण तपोवनकरांच्या बाजूनंही कुणीतरी बोललं पाहिजे. मी इकडच्या रॅलींमध्ये एका मित्राच्या गाडीच्या सर्व्हिस क्रूमध्ये राहिलोय. तिथे स्टेजच्या मध्ये टायर बदलायला कुणी उभं नसतं. सर्व्हिसमध्ये जे लावाल त्यावर पुढचे सगळे स्टेज काढायचे. त्र्यंबकच्या बाजूला ढग, इकडे फुफाटा. चिखलाचे लावले आणि पाऊस आलाच नाही तर कोरड्या मुरुमावर त्यांचे ठोकळे फाटतात. कोरड्याचे लावले आणि आला तर गाडी बांधावर. एकदा आम्ही पुढे चिखलाचे आणि मागे कोरड्याचे लावले. ड्रायव्हर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. पण निवड म्हणजे निवड, आणि ती निभावायची ड्रायव्हरनं. टायर न बदलताही डावपेच असतात, एवढंच म्हणायचंय.

जेलरोडकर

रॅलीत मान्य. तिथे प्रत्येक जण घड्याळाशी एकटा लढतो, पुढच्याच्या मागे अडकत नाही. माझा सगळा मुद्दा अडकण्याचा आहे.

घाटवाला

मला एक कळत नाही राव. आपल्या दोन गाड्या आहेत, पिंपळगावहून कांदा भरून वाशीला जातात. तुमची ही रेस तीनशे किलोमीटरची ना? तीनशे किलोमीटरमध्ये टायर संपतो? वाशीला जाऊन परत आलं तरी त्याहून जास्त होतं. माझा टायर रिमोल्ड धरून लाख किलोमीटरच्या आसपास जातो, तेही सोळा टन घेऊन कसारा घाट उतरून. एवढी मोठी कंपनी आणि असला कच्चा माल?

रॅलीवाला_देवळाली

भाऊ, मुद्दाम तसा करतात. २०१० ला कॅनडात ब्रिजस्टोनचे टायर कुणाच्या ध्यानीमनी नसताना लवकर गेले, टीमचे हिशेब कोलमडले आणि शर्यत इतकी रंगली की पुढच्या वर्षी पिरेली आली तेव्हा तिला सांगितलं, असेच बनवा. तेव्हापासून पिरेली एकटीच पुरवते.

तपोवनकर

बघा! मीच म्हणत होतो, तमाशा आहे. मुद्दाम खराब टायर बनवायचे आणि मग ते बदलण्याला डोकं म्हणायचं!

घाटवाला

आमच्याकडे कुणी मुद्दाम कच्चा टायर विकला तर दुकान फोडतील लोक.

जेलरोडकर

घाटवाला भाऊ, तो टायर झिजून संपतो असं समजू नका. पुष्कळदा रबर शिल्लक असतं आणि पकड गेलेली असते. रबराला एक ठरावीक गरमी लागते, त्या पट्ट्यात ते चिकट राहतं. त्याच्या वर गेलं की वरचा थर चिकटायच्या ऐवजी घसरायला लागतो, घसरला की आणखी तापतो. ड्रायव्हर हळू गेला, थंड केला, तर थोडी पकड परत येते. सगळी येत नाही. लाख किलोमीटर टिकणारा टायर वळणात तेवढा चिकटणारच नाही. तुम्हाला टिकायला हवा, त्यांना चिकटायला हवा.

आणि तपोवनकर, टिकाऊ टायरवर काय होतं तेही बघा. टायर झिजत नाहीत, थांबायची गरज नाही, म्हणून नियमानं थांबायला लावायचं. मोनॅकोत २०२५ ला दोन स्टॉप सक्तीचे केले. काय झालं? रेसिंग बुल्सनं आपली एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागच्या सगळ्यांना अडवलं, म्हणजे दुसऱ्या गाडीला वीस सेकंदांची फट मिळेल आणि ती फुकटात थांबून येईल. विल्यम्सनंही तेच केलं. आलटून पालटून दोन्ही गाड्यांसाठी. त्याला मी सुद्धा तमाशा म्हणेन. नुसत्या थांबण्यानं डावपेच येत नाहीत. टायरमध्ये फरक पडला पाहिजे, तो ताजा असताना आणि म्हातारा असताना.

घाटवाला

रबर शिल्लक असून पकड जाते हे पटायला जड आहे, पण गरमीचं खरं आहे. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरात हवा कमी असली की तो वाकत राहतो, तापतो, आणि शहापूरच्या आसपास फुटतो. बाहेरून बघितलं तर नक्षी पूर्ण. म्हणून माझा ड्रायव्हर दर थांब्याला हात लावून बघतो, कुठला जास्त गरम आहे ते.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून नवे म्हणून सहा टायर घेतले. चार महिन्यांत दोन फुटले. मग एकानं दाखवलं की टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे नवे टायर पाच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये, नाशिकच्या मे महिन्यात. दुकानदार म्हणतो, वापरलेला नाही म्हणजे नवाच. माझा माल रस्त्यावर पडला त्याचं काय?

कॉलेजरोड_११

हे चार आकडे बाइकच्या टायरवर पण असतात? आत्ता खाली जाऊन बघतो.

रॅलीवाला_देवळाली

असतात. लांबुळक्या चौकटीत, कधीकधी फक्त एकाच बाजूला, आतल्या. म्हणून लोकांना दिसत नाहीत. आणि पडून राहिलेलं रबर कडक होतं, नखानं दाबलं तरी कळतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर घेऊच नका. आमच्या एका पोरानं जुने रॅली टायर स्वस्तात आणले होते, नक्षी करकरीत, आणि पहिल्याच वळणाला गाडी साबणावरून गेल्यासारखी सरळ गेली.

घाटवाला

मग घाटात माझा ड्रायव्हर मेला असता तर कुणी जबाबदारी घेतली असती? बिलावर तारीख लिहायला लावायला पाहिजे.

कॉलेजरोड_११

पाहिलं. माझा मागचा सात वर्षांचा निघाला. गाडी गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली, मालक म्हणाला टायर नवीन टाकलेत.

घाटवाला

बदल तो. आजच.

तपोवनकर

अहो, तुम्ही सगळे टायरच्या दुकानात जाऊन बसलात. मी एक साधा प्रश्न विचारला होता. २००५ ला हा नियम होता की नाही? एका सेटवर पूर्ण शर्यत. त्या वर्षी अलोन्सो जिंकला, शूमाकरची पाच वर्षांची सद्दी मोडली. काय वाईट झालं? मला तर तो सीझन आवडला होता.

रॅलीवाला_देवळाली

मलाही आवडला होता. पण त्याच वर्षीचं नुर्बुर्गरिंग आठवा. रायकोनेननं ब्रेक लॉक करून पुढच्या टायरचा एक भाग सपाट केला. मग ते चाक प्रत्येक फेऱ्याला आपटत राहिलं, गाडी इतकी थरथरत होती की टीव्हीवर दिसत होतं. बदलायला आत गेला तर जागा जाणार, म्हणून थांबला नाही. शेवटची लॅप सुरू झाली आणि पहिल्याच वळणाला सस्पेन्शन तुटलं, चाक लोंबकळलं, अलोन्सो जिंकला. सुदैवानं लागलं नाही. माणूस दोनशेच्या वर वेगात असताना तुम्ही त्याला फाटका टायर घेऊन चालव म्हणताय.

आणि त्याच वर्षीची इंडियानापोलिसची शर्यत. मिशेलिनचे टायर बँकिंगच्या वळणावर टिकणार नाहीत हे कळलं, आणि सहा गाड्यांनी शर्यत केली. बाकीच्या फॉर्मेशन लॅपनंतर आत निघून गेल्या.

तपोवनकर

इंडियानापोलिस ही मिशेलिनची चूक, नियमाची नाही. आणि रायकोनेननं स्वतः ब्रेक लॉक केला. त्याची शिक्षा त्याला मिळाली. यालाच मी ड्रायव्हरची शर्यत म्हणतो.

जेलरोडकर

सस्पेन्शन तुटून ट्रॅकबाहेर फेकलं जाणं ही शिक्षा? हे वाचून मला खरंच राग आला.

तपोवनकर

ट्रॅकबाहेर फेकलं जावं असं मी म्हटलेलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. फाटला तर बदलू द्या, सुरक्षेसाठी. एवढं मान्य करतो. पण हंगेरीचं मला अजून पटलेलं नाही, आणि तुमच्याच आकड्यांवरून विचारतो. रेड बुलला दोनच वाटा होत्या म्हणालात. तिसरी होती. मर्सिडीजच्या आधी, सेहेचाळीस-सत्तेचाळीसला, मॅक्सला स्वतःच आत का नाही बोलावलं? मागे फेरारी त्याच्यासाठीही तितकीच लांब होती.

रॅलीवाला_देवळाली

हा प्रश्न चांगला आहे.

जेलरोडकर

चांगला आहे, पण तसं केलं असतं तर हॅमिल्टन बाहेरच राहिला असता. लीड त्याच्याकडे, टायर मॅक्सच्या जुन्या सेटपेक्षा सहा लॅप ताजे, आणि आता मॅक्सनं वीस सेकंद कापून यायचं. कापले असते कदाचित. पण मग हंगेरीच्या त्या ट्रॅकवर, हंगरोरिंगवर, हॅमिल्टनला ओलांडायचं. सदुसष्टाव्या लॅपला हॅमिल्टन सहज गेला तो मॅक्सचे टायर पार गेले होते म्हणून. हॅमिल्टनचे तेवढे गेले असते का? मला शंका आहे.

तपोवनकर

म्हणजे तुम्हालाही खात्री नाही.

जेलरोडकर

नाही. पण रेड बुलनं पुढे काय केलं ते बघा. बार्सिलोना, २०२१. मॅक्स पुढे, हॅमिल्टन बेचाळिसाव्या लॅपला दुसऱ्यांदा आत, साठाव्या लॅपला पुढे. हंगेरीच परत, आणि पुन्हा रेड बुल बाहेरच थांबली. त्यानंतर दीड महिन्यानं फ्रान्स. तो अंडरकट, म्हणजे आधी आत जाऊन पुढे निघणं, झाल्यावर मॅक्स पुढे होता, आणि या वेळी त्यांनी लीड सोडून बत्तिसाव्याला आधी बोलावलं. त्रेपन्न लॅपच्या शर्यतीत बावन्नाव्याला त्यानं हॅमिल्टनला ओलांडलं. तुमची तिसरी वाट हीच.

कॉलेजरोड_११

पण फ्रान्सच्या ट्रॅकला, पॉल रिकारला, सरळ रस्ता मोठा आहे, तेव्हा डीआरएसनं, म्हणजे मागची विंग उघडून, जाता यायचं. हंगेरीत कुठून जाणार?

तपोवनकर

हॅमिल्टन गेला तिथूनच. पहिल्या वळणाच्या आधी.

जेलरोडकर

मेलेल्या टायरवाल्याला ओलांडून. हॅमिल्टनचे हार्ड सत्तेचाळीस ते सत्तर तसे मेले असते की नाही, एवढं एकच सांगा. वर्स्टॅपननं पंचविसाव्यापासून चाळीस लॅप काढल्यावर त्याचे गेले. हॅमिल्टनचे एकतिसाव्यापासून, आणि पुढे मोकळ्या हवेत. माझ्या मते अडुसष्ट-एकोणसत्तरपर्यंत टिकले असते.

तपोवनकर

त्यातले पहिले सतरा लॅप त्यानं मॅक्सच्या मागे तापवून काढलेत, हे तुम्हीच वर लिहिलंय. ते धरा की हिशेबात.

रॅलीवाला_देवळाली

ते धरलं तर चौसष्टपर्यंतच.

जेलरोडकर

चौसष्टला गेले असते तरी मॅक्स तोवर पोचला पाहिजे ना. हॅमिल्टनला स्वतःला पोचायला सहासष्ट लागले.